पीईबी छपरात १०० मिमी ग्लासवूल टाकलं, मोजलं तर ४० भरलं: जाळी ताणायची की झोळ द्यायचा?

काटकोन

नमस्कार मंडळी. एका गोदामाच्या पीईबी शेडवर मालकाच्या बाजूने देखरेख करतोय. छपराचा एक उतार रिजपासून गटारापर्यंत पूर्ण झालाय. दुसऱ्या उतारावर नुसत्या पर्लिन आहेत, म्हणून आत्ताच विचारून घेतो.

रचना अशी आहे: २०० मिमी उंचीच्या झेड पर्लिन, दर १.५ मीटरवर. त्यांच्यावर वेल्डेड जीआय जाळी, जाळीवर फॉइल लावलेले ग्लासवूलचे रोल (फॉइल खाली), आणि वर क्लिपवाली स्टँडिंग सीम शीट. रोल १.२ मीटर रुंद, १०० मिमी जाड, घनता १२ किलो.

इरेक्टरने जाळी अगदी तबल्यासारखी ताणली आहे. खालून बघायला सुरेख दिसतं, सपाट चकचकीत छत. पण मचाणावर चढून दोन पर्लिनच्या मधोमध बारीक सळी फॉइलमधून वर सारली तर ४० मिमीवर शीटला टेकली. आणखी काही ठिकाणी बघितलं, ३५ ते ४५ च्या मध्येच. पर्लिनजवळ तर बोटभरही जागा नाही. इरेक्टरचं म्हणणं, "साहेब, रोल शंभराचाच आहे, पाकिटावर छापलंय." छापलंय हे खरं आहे!

दुसऱ्या उतारावर जाळी किती सैल सोडायला सांगू? आणि रोलच्या सांध्यांवर काही ठिकाणी फुगवटे आहेत, काही ठिकाणी खाच पडलीय. त्याचं काय करायचं?

(सळीची भोकं फॉइल टेपने बंद केली आहेत, कोणी रागावू नका.)

पन्हळ

यात एवढं घाबरण्यासारखं काही नाही. ग्लासवूल दाबलं की घनता वाढते आणि घनता वाढली की उष्णता कमी जाते. म्हणून तर २४ किलोचा रोल १२ किलोच्या रोलपेक्षा महाग मिळतो. तुमचा १२ चा रोल दाबून ३० चा झालाय, म्हणजे उलट चांगला झालाय. मालकाला तसं समजावून सांगा.

सावधान_पुढे_काम

काटकोन, जाळी सैल सोडायला अजिबात सांगू नका! वरून माणूस पडला तर तीच जाळी त्याला वाचवणार आहे. सैल जाळीत माणूस पडला की बांधलेली टोकं निसटतात. आमच्याकडे जाळी ताणलेलीच असावी असा नियम आहे.

ऋजुरेषा

पीईबीच्या डिझाइनमध्ये काम करते, थोडं सविस्तर लिहिते.

पन्हळ, तुमचं अर्धं बरोबर आहे. १२ किलोच्या वूलची उष्णतावाहकता साधारण ०.०४० असेल तर २४ किलोच्या वूलची ०.०३५ च्या आसपास येते, म्हणजे दर मिलिमीटरमागे वूल सुधारतं. पण १०० मिमीचं वूल ५० वर आणून घनता दुप्पट केली, तर रोध २.५ वरून १.४३ वर येतो. वाहकता आठवा हिस्सा सुधारली आणि जाडी निम्मी गेली. २४ किलोचा रोल चांगला असतो तो *त्याच जाडीत*. दाबून केलेली घनता म्हणजे जाडी विकून घेतलेली घनता.

आता मूळ प्रश्न. वूलला फुगायला जागा किती, हे रोल ठरवत नाही. ते ठरतं शीट आणि जाळी यांच्यातल्या पोकळीवर. पर्लिनच्या माथ्यावर शीट आणि पर्लिन यांच्यात वूल चेपून जेमतेम १० मिमी उरतं. जाळी सपाट ताणली तर मधल्या भागातही तेवढीच पोकळी, आणि त्यात वूलच्या रेट्याने जाळी जितकी खाली जाईल तितकी भर. तुमच्याकडे मधोमध ४० भरलं, म्हणजे जाळी स्वतःहून ३० मिमी खाली गेली आहे. यात वूलचा दोष काहीच नाही, त्याला कोंडलंय.

म्हणून झोळ मुद्दाम द्यायचा असतो. आणि तो द्यायला जाळी किती लागते हे ऐकून साइटवर कोणाचा विश्वास बसत नाही. १.५ मीटरच्या गाळ्यात ९० मिमी झोळ हवा असेल तर जाळी सरळ अंतरापेक्षा फक्त १४-१५ मिमी जास्त लागते. ५ मिमी जास्त सोडली तरी झोळ ५० च्या वर जातो. तुमच्या ३० मिमी झोळामागे दोन मिमीसुद्धा ढिलाई नाही. म्हणजे "थोडी सैल सोड" असं तोंडी सांगून भागत नाही. फिटरच्या हातातल्या दोन-चार मिमीच्या फरकाने छप्पर पालटतं.

सावधान_पुढे_काम, तुमचा मुद्दा वेगळ्या जाळीचा आहे. माणूस झेलायची जाळी म्हणून जी विकली जाते ती त्यासाठी चाचणी केलेली असते. तिची तार किती जाड, टोकाला कशी गाठायची, झोळ किती चालतो हे सगळं तिच्या निर्मात्याने लिहून दिलेलं असतं. ऑस्ट्रेलियात एकच जाळी दोन्ही कामं करते, पण ती माणूस झेलायच्या मानकाची असते. इथली जाळी तशी आहे का हे आधी काटकोन यांनी कागद मागवून बघावं. नसेल तर ती ताणलेली असो की सैल, माणसाचा भरवसा तिच्यावर ठेवायचा नाही. लाइफलाइन आणि पट्टा लागणारच.

सावधान_पुढे_काम

मान्य. मी जाळी म्हटल्यावर सेफ्टी जाळीच धरली. तरी खालचे लोक तिला सेफ्टी जाळीच समजून वर बेफिकीर चालतात, तेवढा फलक लावा.

काटकोन

ताई, हा १४-१५ मिमीचा आकडा खरंच डोक्यात नव्हता. जाळीचा कागद मागवला, नुसतं "जीआय वेल्डमेश" लिहिलंय, बाकी काही नाही. म्हणजे वूलपुरतीच.

मग ९० चा झोळ दिला की मधोमध पूर्ण १०० मिळाले. काम झालं ना?

ऋजुरेषा

मधोमध झालं. पण झोळ कमानीसारखा असतो. मध्ये १०० आणि पर्लिनवर १०, तर सरासरी जाडी ७० मिमीच्या आसपास येते. आणि उष्णता सरासरी बघून जात नाही, ती पातळ जागा शोधते. पर्लिनलगतच्या पट्ट्यातून ती इतकी निसटते, की संपूर्ण गाळ्याचा हिशोब केला तर तुमचा १०० चा रोल साधारण ५२ मिमी एकसारख्या वूलइतकंच काम करतो.

हाच ढोबळ हिशोब तुमच्या पूर्ण झालेल्या उताराला लावला (मध्ये ४०, पर्लिनवर १०) तर २६ मिमी येतात. दाबलेल्या वूलची वाहकता थोडी सुधारते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा जरा बरा असेल. पण स्क्रू आणि क्लिपमधून जाणारी उष्णता मी धरलेलीच नाही, ती हिशोब पुन्हा खाली ओढते. ॲशरे ९०.१ मध्ये धातूच्या इमारतींच्या छपरांना यू-व्हॅल्यूचं वेगळं कोष्टक आहे ते याचमुळे. तिथे रोलवर छापलेला रोध सरळ धरत नाहीत, बसवलेल्या अख्ख्या रचनेचा धरतात.

खरी सुधारणा पर्लिनवरच्या त्या १० मिमीत आहे. तिथे वूलच्या वर २५ मिमी कडक फोमची पट्टी ठेवली आणि तेवढीच उंच क्लिप घेतली, तर पोकळी सगळीकडे २५ ने वाढते. मग झोळ ६५ दिला तरी मधोमध १०० मिळतात, आणि तोच हिशोब ५२ वरून ७२ वर जातो. रोल तोच, जाळी तीच.

स्क्रूगन

छपरावर काम करणारा माणूस आहे, थोडं आमच्या बाजूने.

ताईंचा हिशोब खरा. पण जाळी ताणायची सवय आम्हाला उगाच लागलेली नाही. मालक खाली उभा राहून वर बघतो आणि म्हणतो, "छत पोटासारखं का लोंबतंय?" तेव्हा कोणी हिशोब काढत नाही. आधी मालकाला सांगून ठेवा की छत लाटेसारखं दिसणार.

झोळ द्यायची आमची पद्धत अशी. जाळी रिजवर बांधायची आणि गटाराकडे उलगडत न्यायची. प्रत्येक गाळ्यात लाकडाचा दांडका पर्लिनला समांतर, मधोमध जाळीवर ठेवायचा. तो जाळी खाली नेतो. दोन पर्लिनवर सरळ पट्टी टाकून टेपने खोली मोजायची, बरोबर भरली की त्या पर्लिनवर बाइंडिंग वायरने बांधायची, मगच पुढचा गाळा. प्रत्येक पर्लिनवर बांधायचं. नुसतं रिज आणि गटार बांधलं तर ज्या गाळ्यात आधी वजन पडतं तो शेजारच्यांची ढिलाई खाऊन टाकतो. एक गाळा लोंबतो, बाजूचे चार ताणले जातात. बाहेरून वाटतं रोल कमी-जास्त जाडीचे आलेत.

आणि एक, जाड वूलमधून क्लिपचा स्क्रू मारताना तंतू स्क्रूला गुंडाळतात. स्क्रू घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण क्लिप हलवून बघितली की डुलते. हाताने हलवून बघितल्याशिवाय शीट टाकू नये.

धान्यकोठार

माझी वेगळीच अडचण आहे, इथेच विचारतो. आमच्या गोदामात असंच छप्पर आहे, फॉइलवाला रोल, खाली जाळी. पाऊस नसताना पहाटे पोत्यांवर थेंब पडतात. छपरावाला दोनदा येऊन स्क्रूंना सीलंट लावून गेला, तरी गळतंच आहे. स्क्रू बदलायला सांगू का?

स्क्रूगन

पाऊस नसताना गळतंय म्हणजे स्क्रूचं भोक नाही, दव आहे.

ऋजुरेषा

धान्यकोठार, थेंब कोणत्या रेषेत पडतात ते बघाल का? जमिनीवरच्या ओल्या खुणा गोदामाच्या लांबीच्या दिशेने, पर्लिनखाली पडतात, की रिजकडून गटाराकडे जाणाऱ्या रेषांत? आणि दोन रेषांमधलं अंतर टेपने मोजा.

कारण सांगते. पर्लिनच्या ओळी १.४-१.५ मीटरवर असतात, रोलचे सांधे १.२ मीटरवर, आणि दोन्ही काटकोनात. त्यामुळे ओल्या रेषांची दिशा आणि अंतर पाहिलं की दोष कुठला हे जवळपास कळतं. पर्लिनखाली ओळ असेल तर तिथे वूल चेपून पर्लिनच थंड पडत असणार. उताराच्या दिशेने १.२ मीटरवर ओळी असतील तर फॉइलचे सांधे उघडे आहेत.

धान्यकोठार

मोजलं. उताराच्या दिशेने ओळी आहेत, अंतर १.२ मीटरच. सगळ्या सांध्यांखाली नाहीत, पण जिथे आहेत तिथे सांध्याखालीच. एका जागी मोबाइलचा टॉर्च मारला तर दोन फॉइलच्या मधून वर पिवळं वूल दिसलं, आणि त्याच्यावर काळसर रेघ.

ऋजुरेषा

म्हणजे सांधाच. फॉइलचं काम फक्त चकाकायचं नाही, आतली दमट हवा वर जाऊ न देणं हे तिचं मुख्य काम. आतली हवा २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची असेल तर ती २४ अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावर पाणी सोडते. निरभ्र रात्री शीट आकाशाकडे उष्णता टाकून बाहेरच्या हवेपेक्षाही खाली थंड होते, त्यामुळे २४ गाठणं सोपं. सांधा उघडा असेल तिथून हवा वर जाते, शीटच्या पोटाला दव धरते, वूल भिजतं आणि पाणी त्याच फटीतून खाली येतं. काळी रेघ म्हणजे तिथून हवा वर जाताना वूलने गाळलेली धूळ. हवा नेमकी कुठून जाते ते तिने आखून दाखवलंय.

सीलंटने हे थांबणार नाही, पाणी बाहेरून येतच नाहीये. फॉइल पुसून, पूर्ण कोरडी करून सांध्यावर फॉइल टेप लावावी लागेल. जाळीच्या तारा आड येणार, तिथे जाळी थोडी खाली ओढून टेप वर सरकवावी लागते. किचकट आहे, पण दुसरा उपाय माझ्याकडे नाही. भिजून बसलेलं वूल पुन्हा फुगतं का, ते एक रोल बाजूला करून बघा. नाही फुगलं तर ते बदलायचं.

काटकोन

माझा दुसरा प्रश्न हाच होता. आमच्याकडे सांधे काही जागी फुगलेत, काही जागी खाच. हे कशाने होतं? दुसऱ्या उतारावर कसं टाळायचं?

स्क्रूगन

रोलच्या कडेला फॉइलची पाळ वूलच्या बाहेर आलेली असते. शेजारच्या रोलची पाळ तिच्याशी जुळवून, दुमडून स्टेपल मारायचे. खाली जाळी असली की खालून हात पोचत नाही, म्हणून वरूनच, पुढचा रोल उलगडता उलगडता मारायचे. दुमड वर, वूलच्या बाजूला. आम्ही वीतभर अंतरावर नाही मारत, त्याच्या निम्म्या अंतरावर मारतो. वारा असला की वीतभरचे स्टेपल उपटतात.

खाच कशी पडते? फिटर रोल सपाट दिसावा म्हणून आडवा ओढतो. पाळ ताणली जाते, वूल मात्र मागे सरतं, आणि दोन वूलच्या मध्ये इंग्रजी व्ही सारखी दरी राहते. खाली सांधा बंद दिसतो, वर वूलच नसतं. म्हणून स्टेपल मारून झाले की हात फिरवून वूलच्या कडा एकमेकींना भिडवायच्या.

फुगवटा याच्या उलटा. घाईत रोल एकमेकांवर चढवले की वूल दुप्पट होतं. शीट तिथे उचलली जाते.

ऋजुरेषा

दुप्पट वूल स्टँडिंग सीममध्ये फार त्रास देतं. शीट उचलली की तिची रुंदी मापात बसत नाही. काही शीटनंतर सीमची रेघ तिरकी जाते, आणि सीम दुमडणारं यंत्र एका जागी अडकतं नाहीतर अर्धवट दुमडून पुढे जातं. रोलची टोकं जोडताना तर जास्त काळजी. टोक पर्लिनवर येऊ शकतं, पण वूल वूलला भिडवायचं आणि फॉइल फक्त एकमेकींवर चढवायची. पर्लिनच्या माथ्यावर आधीच चेपलेल्या जागेत दोन थर कोंबले की क्लिप बसतच नाही.

पन्हळ

म्हणजे मी सुचवतो तसं, जाड रोलऐवजी २४ किलोचा ५० मिमी घेतला तर हे सगळं झंझट टळेल की. कमी फुगतो, कमी दबतो, सांधे सरळ.

ऋजुरेषा

यावेळी तुमच्या बाजूने आहे, अटीवर. झोळ आणि उंच क्लिप यातलं काहीच मिळणार नसेल तर ताणलेल्या जाळीवर १०० चा रोल घेणं वायफळ आहे, कमी जाडीचा दाट रोल निदान नीट बसेल. पण कंत्राटात १०० चा रोध लिहिला असेल तर तो ५० ने भरून निघणार नाही. आणि पर्लिनवरचा चेपलेला पट्टा त्यालाही सुटत नाही.

काटकोन, तुमची शीट क्लिपवाली आहे म्हणून फोमची पट्टी सोपी. आरपार स्क्रूवाल्या शीटला ती घालताना शीट-निर्मात्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथे शीट पर्लिनचा माथा आडवा हलू देत नाही, आणि मधल्या मऊ थराने ती पकड ढिली होते. वाऱ्याच्या उचलीसाठी एआयएसआय एस१०० मध्ये साध्या आधाराच्या पर्लिनच्या ताकदीत मधल्या वूलपायी कपात आहे, १०० मिमीला ४ टक्के. आकडा लहान आहे, पण डिझायनरने तो धरलाय का हे विचारलेलं बरं.

काटकोन

आज बैठक झाली. दुसऱ्या उताराला ६५ चा झोळ, प्रत्येक पर्लिनवर बांधणी आणि २५ ची फोम पट्टी हे इरेक्टरने कबूल केलं. क्लिप बदलून देतोय. अडचण रिजवर आली. दुसऱ्या उताराची शीट आता २५ मिमी वर बसणार, पहिल्याची खालीच. रिज कॅप दोन वेगळ्या उंचीवर कशी टेकवणार? गेबलच्या फ्लॅशिंगचंही तेच.

स्क्रूगन

रिज कॅपची एक पाकळी जास्त खाली वाकवून घेता येते, कारखान्यात सांगा. साइटवर वाकवू नका, रंग तडकतो. गेबलला मात्र रिजपाशी २५ ची पायरी दिसणारच, तिथे फ्लॅशिंग दोन तुकड्यांत करा. कॅपखालच्या फोम क्लोजरची उंचीही दोन्ही बाजूंना वेगळी लागेल, नाहीतर पक्षी घुसतात.

ऋजुरेषा

आणि रिजवर दोन्ही उतारांच्या फॉइल एकमेकींना टेपने जोडायला विसरू नका. एरवी रोल रिजवरून पलीकडे सलग नेता येतो, तुमच्याकडे तो तुटणार आहे. गरम दमट हवा शेवटी तिथेच जमते.

धान्यकोठार

एक शंका. झोळ दिला आणि मधोमध वूल शीटपासून थोडं सुटलं, वर पोकळी राहिली, तर तिथे दव धरणार नाही का?

स्क्रूगन

थोडी पोकळी बरी. वूल शीटला चिकटून असेल तर ओलं झालेलं वाळतच नाही.

ऋजुरेषा

मला पटत नाही. ती पोकळी सगळ्या गाळ्यांना जोडलेली असते. एक सांधा उघडा असला तर दमट हवा तिथून शिरून लांबवर फिरते, आणि दव भलतीकडे टपकतं. वूल शीटला हलकंसं टेकलेलं असावं, म्हणूनच मी १०० च्या रोलला मधोमध १०० पेक्षा जास्त जागा देत नाही.

स्क्रूगन

तुमचे सांधे ड्रॉइंगवर बंद असतात ताई, आमचे छपरावर. मी पोकळीवाली छपरं वर्षानुवर्षं कोरडी बघितली आहेत.

काटकोन

तुमचं चालू द्या. मला एवढंच सांगा, पूर्ण झालेल्या उताराचं काय करू? शीट उघडायची म्हणजे सगळ्या सीम उलगडायच्या, आणि इरेक्टर म्हणतो एकदा उलगडलेली सीम पुन्हा तशी बसत नाही.

ऋजुरेषा

त्याचं हे म्हणणं खरं आहे. सीम उलगडू नका. खालून जाळी गाळ्यागाळ्यात सैल करता येईल का ते एका गाळ्यात करून बघा. जाळी पर्लिन आणि वूल यांच्यात चेपली गेली आहे, त्यामुळे पर्लिनवर ती सरकणार नाही. पण मधोमध उताराच्या दिशेच्या तारा कापून, मध्ये जाळीचा अरुंद तुकडा घालून जोडला तर तेवढ्यापुरता झोळ मिळतो. फॉइल ताणलेली असेल तर ती अडवेल, वूल खाली येणार नाही. सांधे उघडतायत असं दिसलं तर तिथेच थांबा. जमलं तर सळीने पुन्हा मोजून आकडा इथे टाका.

काटकोन

सोमवारी गटाराकडच्या शेवटच्या गाळ्यात करून बघतो. तिथे मचाण उभंच आहे.